घरात टीबीचा रुग्ण आणि पाच वर्षांखालचं मूल: आयसोनियाझिडचे सहा महिने कसे पार पाडायचे

घरातल्या मोठ्या माणसाच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले की त्याचे उपचार सुरू होतात आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे लागतं. त्याच घरात रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असतं. ते खेळतंय, खातंय, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहत नाही. हा लेख त्या मुलासाठी, आणि त्याला पुढे टीबी होऊ नये म्हणून सहा महिने रोज द्यायच्या आयसोनियाझिड या औषधाच्या गोळीबद्दल आहे. टीबीच्या कामात नव्याने आलेले आरोग्य कर्मचारी आणि अशा मुलाचे आईवडील या दोघांना तो वापरता यावा अशा बेताने लिहिला आहे. औषध लिहून देणं डॉक्टरांचं काम. पण वजन नीट घेणं, गोळी योग्य तेवढीच जाणं आणि सहा महिने न तुटता जाणं हे सगळं घरात आणि घरी भेट देणाऱ्याच्या हातात असतं, आणि बहुतेक गोष्टी बिघडतात त्याही तिथेच.

हे मूल वेगळं का

टीबीचा जंतू श्वासावाटे शरीरात शिरला म्हणजे लगेच आजार होतो असं नाही. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा शरीर त्याला कोंडून ठेवतं. लहान मुलाला ते नीट जमत नाही. औषधं येण्यापूर्वीच्या काळात डॉक्टरांनी संसर्ग झालेल्या मुलांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती, आणि त्या नोंदींतून जे दिसलं ते आजही मार्गदर्शक आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला संसर्ग झाला आणि काहीच उपचार मिळाले नाहीत, तर जवळजवळ निम्म्या बाळांना पुढे आजार होतो. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलांत हे प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असतं, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांत ५ टक्क्यांच्या आसपास. अगदी लहान वयात आजार फुप्फुसापुरता थांबेलच असंही नाही. तो मेंदूच्या आवरणापर्यंत जातो किंवा रक्तातून शरीरभर पसरतो.

आजार होणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या वर्षात होतो. म्हणून ‘बघू, थोडं मोठं झालं की’ म्हणायला इथे जागा नाही. मोठ्या माणसाचं निदान झालं त्याच आठवड्यात मुलाची पाहणी व्हायला हवी.

पहिली पायरी: मूल खरंच निरोगी आहे का

संपूर्ण प्रक्रियेतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून तिच्यावर थोडं थांबू.

आयसोनियाझिड एकटं दिलं जातं ते फक्त आजार नसलेल्या मुलाला. नुसता संसर्ग झालेल्या मुलाच्या शरीरात जंतूंची संख्या फार थोडी असते. जंतूंच्या मोठ्या समूहात आयसोनियाझिडला न जुमानणारा एखादा जंतू आपोआप तयार झालेला असतो, ढोबळमानाने दहा लाखांत एक. थोड्या जंतूंत असा एकही असण्याची शक्यता नगण्य, म्हणून एकच औषध पुरतं. पण आजार सुरू झालेल्या मुलात जंतू कितीतरी पटींनी जास्त असतात. तिथे एकच औषध दिलं तर साधे जंतू मरतात आणि न जुमानणारे उरून वाढतात. मूल काही दिवस बरं वाटतं, मग आजार परत येतो, आणि तो औषधाला दाद न देणारा असतो. आजारी मुलाला तीन-चार औषधांचा पूर्ण उपचार लागतो.

हा फरक ओळखायला मोठी यंत्रणा लागत नाही. आईला शांतपणे चार गोष्टी विचारा. खोकला आहे का, आणि किती दिवसांपासून? ताप येतो का, रात्री अंग घामाने भिजतं का? वजन वाढतंय का, की थांबलंय किंवा घटलंय? मूल पूर्वीसारखं खेळतं का, की मलूल पडून राहतं? त्यानंतर स्वतः पाहा: मानेत गाठ आहे का, श्वास जोरात चालतोय का, पोट फुगलंय का. वजनाबाबत आईच्या अंदाजावर थांबू नका. वाढीचा तक्ता मागा आणि गेल्या तीन-चार महिन्यांची रेघ बघा. लहान मुलात टीबीचा पहिला पुरावा पुष्कळदा खोकला नसतो, तर आडवी पडलेली वजनाची रेघ असते.

यातलं काहीही असलं तर आयसोनियाझिड सुरू करायचं नाही. मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचं, आणि टीबी नाही असं त्यांनी ठरवल्यावरच गोळीचा विचार करायचा. यातलं काहीच नसेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला त्वचेची किंवा रक्ताची संसर्ग-चाचणी न करताही गोळी सुरू करता येते. छातीचा एक्स-रे सहज होत असेल तर जरूर काढावा, पण एक्स-रेची सोय नाही म्हणून लक्षणं नसलेल्या मुलाची गोळी अडवून ठेवू नये. बीसीजी टोचली आहे म्हणूनही थांबायचं कारण नाही. ती लस मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, पण घरात रोज जंतू सोडणारा रुग्ण असेल तर एवढ्यावर विसंबून चालत नाही.

नवजात बाळाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आईलाच टीबी असेल तर बाळाचा निर्णय बालरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा. आयसोनियाझिड चालू असताना बीसीजीतले जिवंत जंतूही मारले जातात, म्हणून अशा बाळाला लस गोळ्यांचा कोर्स संपल्यावर देतात. बाळाला आईचं दूध चालू ठेवायला हरकत नसते.

दुसरी पायरी: मोठ्या रुग्णाचा कागद बघा

मुलाला मिळालेला जंतू बहुधा घरातल्या रुग्णाचाच असतो. रुग्णाच्या जंतूला आयसोनियाझिड लागू पडत नसेल तर मुलालाही त्याचा उपयोग होणार नाही.

इथे एक बारकावा आहे. थुंकीची जी जलद तपासणी सर्रास होते ती रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला प्रतिकार आहे का तेवढंच सांगते. ‘रिफाम्पिसिनला प्रतिकार नाही’ असा शेरा असला म्हणजे आयसोनियाझिडही चालतं असं सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. तिचा अहवाल यायचा असेल तर त्याची वाट पाहत मुलाची गोळी लांबवू नये. गोळी सुरू करावी, आणि अहवाल हाती आला की पुन्हा पाहावं. अहवालात आयसोनियाझिडला प्रतिकार दिसला तर डॉक्टर मुलासाठी चार महिने रिफाम्पिसिनचा विचार करतात. रिफाम्पिसिनला प्रतिकार असेल किंवा दोन्ही औषधांना असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ पासून सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन सुचवलं आहे. आणि मोठ्या रुग्णाची थुंकी दोन महिने नियमित औषध घेऊनही साफ होत नसेल तर ते मुलाच्या डॉक्टरांना लगेच कळवा.

तिसरी पायरी: वजन आणि गोळी

दहा वर्षांखालच्या मुलांसाठी आयसोनियाझिडची मात्रा वजनाच्या दर किलोला १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ७ ते १५ मिलिग्रॅमपर्यंतचा पट्टा चालतो, आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कधीच जायचं नाही. लहान मुलाची मात्रा किलोमागे मोठ्यांच्या दुप्पट असते (मोठ्यांना किलोला ५ मिलिग्रॅम), कारण मुलाचं शरीर हे औषध अधिक वेगाने निकामी करतं. हे माहीत नसलं की ‘एवढ्याशा जिवाला एवढं?’ म्हणून कुणीतरी गोळी अर्धी करून टाकतं.

मुलांसाठीची गोळी १०० मिलिग्रॅमची असते. तिचा हिशोब असा:

३ ते ५.९ किलो: अर्धी गोळी
६ ते ९.९ किलो: एक गोळी
१० ते १३.९ किलो: दीड गोळी
१४ ते १९.९ किलो: दोन गोळ्या
२० ते २४.९ किलो: अडीच गोळ्या

तुमच्या कार्यक्रमाच्या कार्डावर गटांच्या सीमा थोड्या वेगळ्या छापलेल्या असतील तर कार्डच पाळा. सीमा इकडे-तिकडे असल्या तरी सगळ्यांचा पाया किलोला १० मिलिग्रॅम हाच आहे. अगदी सीमेवरच्या किंवा तीन किलोखालच्या बाळाची मात्रा डॉक्टरांनी स्वतः काढावी.

वजन अंगावर कमीत कमी कपडे ठेवून, शक्यतो दर वेळी त्याच काट्यावर घ्या. आधी काटा शून्यावर आहे ना ते बघा. जाड कपडे आणि बूट घालून घेतलेलं वजन सीमेजवळच्या मुलाला वरच्या गटात ढकलतं आणि पुढच्या महिन्यात वजन ‘घटलेलं’ दाखवतं. मग विनाकारण घबराट होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे खरी घट लक्षातच येत नाही.

आता धोक्याची जागा. आयसोनियाझिडची मोठ्यांची गोळी ३०० मिलिग्रॅमची असते, आणि ती दिसायला फारशी वेगळी नसते. नऊ किलोच्या मुलाला ‘एक गोळी’ म्हणून चुकून ही गेली तर किलोला ३३ मिलिग्रॅम होतात, म्हणजे ठरलेल्याच्या तिपटीहून जास्त. म्हणून ‘एक गोळी’ असं कधीच लिहू नका. ‘१०० मिलिग्रॅमची एक गोळी’ असं लिहा. दर महिन्याला नवी पट्टी हातात आली की तिच्यावरचा आकडा आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिला वाचता येत नसेल तर जुनी पट्टी जपून ठेवायला सांगा आणि नवी तिच्याशी ताडून बघायला शिकवा.

चौथी पायरी: गोळी पोटात कशी जाते

शक्य तर रिकाम्या पोटी द्यावी, जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी, कारण अन्नाबरोबर औषध कमी शोषलं जातं. पण रिकाम्या पोटी मूल रोज ओकत असेल तर थोड्या खाण्यासोबत द्यायला हरकत नाही. पूर्ण शोषणाच्या आग्रहापायी गोळीच बंद पडण्यापेक्षा हे बरं.

पाण्यात विरघळणारी गोळी असेल तर चमचाभर पाण्यात टाकून विरघळू द्या आणि लगेच पाजा. साधी गोळी असेल तर दोन स्वच्छ चमच्यांमध्ये दाबून तिची पूड करा आणि पाण्यात कालवा. भांड्याच्या तळाशी राहिलेली पूड पुन्हा थोडं पाणी घालून पाजा, नाहीतर रोज थोडी थोडी मात्रा वाया जाते. पूर्ण बाटलीभर दुधात मिसळू नका. मूल अर्धीच बाटली पितं, आणि किती औषध गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

अर्धी गोळी करायची तर मधल्या खाचेवर तोडा. उरलेली अर्धी त्याच पट्टीत किंवा कोरड्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी वापरा. पाण्यात कालवलेलं औषध मात्र उद्यासाठी ठेवायचं नाही.

गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुलाने ओकून टाकलं तर तीच मात्रा पुन्हा द्या. त्यानंतर ओकलं तर त्या दिवशी पुन्हा देऊ नका. आम्लपित्तावरची काही औषधं आयसोनियाझिडचं शोषण कमी करतात, म्हणून तसलं काही चालू असेल तर दोन्हींमध्ये अंतर ठेवा. आकडीसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असलेल्या मुलाबाबत तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा. आयसोनियाझिडमुळे या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं, आणि मूल सतत झोपाळू राहतं किंवा चालताना तोल जातो.

ठरलेली वेळ असावी. सकाळी उठल्यावर तोंड धुतलं की गोळी, एवढं साधं ठेवलं तर आई विसरत नाही. कॅलेंडरवर रोज खूण करायला सांगा. घरातल्या मोठ्या रुग्णाची गोळीही त्याच वेळी असेल तर दोघांचं एकमेकांवर लक्ष राहतं, फक्त दोघांच्या पट्ट्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवायला लावा.

एक उदाहरण, महिन्यामागून महिना

समजा एका घरातल्या आजीच्या थुंकीत टीबीचे जंतू सापडले. तपासणीत रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्ही औषधं लागू पडणारी निघाली. घरात दोन नातवंडं आहेत: चार वर्षांचा मुलगा आणि सतरा महिन्यांची मुलगी.

मुलाला तीन आठवड्यांपासून खोकला आहे आणि तक्त्यावर वजनाची रेघ तीन महिने आडवी आहे. त्याला आयसोनियाझिड दिलं जात नाही. त्याला डॉक्टरांकडे पाठवलं जातं. एक्स-रेत फुप्फुसाच्या मुळाशी सुजलेल्या गाठी दिसतात आणि त्याचे टीबीचे पूर्ण उपचार सुरू होतात. दोघा भावंडांना एकसारखी गोळी वाटून दिली असती तर याचा आजार झाकला गेला असता.

मुलीला कसलंही लक्षण नाही. १ जूनला तिचं वजन ९.४ किलो भरतं. १०० मिलिग्रॅमची एक गोळी ठरते, म्हणजे किलोला साधारण १०.६ मिलिग्रॅम. १ जुलैला वजन ९.७, गोळी तीच. १ ऑगस्टला वजन १०.२ किलो होतं आणि मुलगी पुढच्या गटात जाते. आता गोळी दीड, म्हणजे किलोला १४.७ मिलिग्रॅम. आकडा वरच्या टोकाकडे आहे, पण १५ च्या आत आहे, आणि वजन वाढत जाईल तसा तो उतरत जाईल.

इथे साठ्याचा हिशोब पाहा. सुरुवातीला ‘१८० दिवस, रोज एक’ असा हिशोब करून १८० गोळ्या एकदम दिल्या असत्या तर त्या मध्येच संपल्या असत्या. पहिल्या ६१ दिवसांना ६१ गोळ्या लागल्या, उरलेल्या ११९ मात्रांना रोज दीड याप्रमाणे १७८.५ गोळ्या लागतील. एकूण २४० च्या घरात. म्हणून लहान मुलाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला, वजन करून द्याव्यात. त्या निमित्ताने मूल डोळ्यांपुढेही येतं.

१ सप्टेंबरला वजन १०.४. मग ११ तारखेला आई मुलीला घेऊन नातेवाइकांकडे जाते आणि गोळ्या घरीच राहतात. १९ तारखेपर्यंत नऊ दिवस चुकतात. २० तारखेला ती परत येते त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू होते, दीडच. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन मात्रा द्यायच्या नाहीत. खंड दोन आठवड्यांहून कमी आहे, म्हणून नऊ दिवस शेवटी वाढवायचे. मूळ हिशोबाने १८० वी मात्रा २७ नोव्हेंबरला झाली असती, आता ती ६ डिसेंबरला होईल.

१ ऑक्टोबरला वजन पुन्हा १०.४ च भरतं. महिनाभरात काहीच वाढ नाही. हे कागदावर लिहून पुढे जाण्याजोगं नाही. पुन्हा तेच चार प्रश्न विचारायचे, मान आणि श्वास बघायचा. खोकला नाही, ताप नाही, पण पाहुणेपणात जुलाब झाले होते असं आई सांगते. मग दोन आठवड्यांनी पुन्हा वजन घ्यायचं ठरतं. तेव्हा ते १०.६ निघतं, १ नोव्हेंबरला १०.८. दोन आठवड्यांनंतरही वजन हललं नसतं, किंवा सोबत खोकला असता, तर गोळी चालू असूनही डॉक्टरांची तपासणी लागली असती. गोळी घेत असताना टीबी होतच नाही असं नाही.

खंड पडला तर

चुकलेले दिवस दोन आठवड्यांहून कमी असतील तर वर सांगितल्याप्रमाणे करा: लगेच सुरू करा आणि दिवस शेवटी जोडा.

खंड दोन आठवड्यांहून मोठा झाला तर आधी मुलाला पुन्हा तपासा, पहिल्या पायरीपासून. टीबीचं काही दिसलं नाही, तर किती मात्रा गेल्या ते मोजा. पूर्ण कोर्सच्या किमान ८० टक्के, म्हणजे १८० पैकी १४४ मात्रा पोटात जायला हव्यात, आणि त्याही सहा महिन्यांवर फार तर आणखी दोन महिन्यांत, म्हणजे एकूण आठेक महिन्यांच्या आत. हे जमण्यासारखं असेल तर तिथूनच पुढे चालू ठेवायचं. जमण्यासारखं नसेल तर डॉक्टरांशी बोलून कोर्स नव्याने सुरू होतो. याच कारणासाठी मोजणी आठवणीवर न सोडता कॅलेंडरवरच्या खुणांवर आणि पट्टीतल्या उरलेल्या गोळ्यांवर करावी. महिन्याच्या भेटीत पट्टी समोर ठेवून मोजा, आणि जास्त उरल्या असतील तर रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी उरलेल्या गोळ्या कचऱ्यात जातात आणि तुम्हाला खोटी मोजणी मिळते.

सहा महिने जड जात असतील तर छोट्या कोर्सचाही पर्याय आहे. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन एकत्र असलेली, पाण्यात विरघळणारी मुलांची गोळी रोज तीन महिने दिली जाते. ती मिळत असेल तर कोर्स पूर्ण होण्याची शक्यता वाढते. मात्र मुलाला इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण रिफाम्पिसिन बऱ्याच औषधांचा परिणाम कमी करतं.

त्रास कुठला आणि किती

हे औषध लहान मुलांना बहुधा छान सोसतं. निरोगी मुलाचं रक्त आधी तपासायची गरज नसते. थोडी मळमळ सुरुवातीच्या काही दिवसांत होते आणि जाते.

खरी भीती यकृताची, आणि मुलांत ती विरळ असली तरी आईला तिची खूण ठाऊक असायलाच हवी. मूल अचानक खायचं बंद झालं, सारखं ओकतंय, पोट दुखतंय म्हणून रडतंय, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी त्याच क्षणी थांबवायची आणि मुलाला दवाखान्यात न्यायचं. दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, ‘एक मात्रा देऊन बघू’ असंही करायचं नाही. गोळी पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टर ठरवतील. भूक जाणं हे पिवळेपणाच्या आधी दिसतं, म्हणून भेटीत सर्वांत आधी जेवणाचं विचारा.

हातापायाला मुंग्या येण्याचा त्रास मोठ्यांना होतो तसा मुलांना क्वचित होतो. कुपोषित मुलाला, एचआयव्ही असलेल्या मुलाला आणि फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला त्यापासून वाचवण्यासाठी डॉक्टर पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ जीवनसत्त्व रोज ५ ते १० मिलिग्रॅम सोबत देतात.

एक गोष्ट आईला नक्की सांगा. या गोळ्या मुलाच्या हाताला लागतील अशा कधीच ठेवायच्या नाहीत. मूठभर गोळ्या एकदम पोटात गेल्या तर आकड्या येतात आणि त्या नेहमीच्या औषधांनी सहज थांबत नाहीत. उतारा बी-६ हाच असतो आणि तो मोठ्या मात्रेत, दवाखान्यातच द्यावा लागतो. असं झालं तर रिकामी पट्टी सोबत घेऊन धावा.

आणि सहा महिन्यांत कधीही मूल सुस्त पडलं, सारखं ओकू लागलं, मान आखडली किंवा आकडी आली तर त्याला गोळीचा त्रास समजून घरी थांबू नका. मेंदूच्या टीबीची सुरुवात अशी असू शकते आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो.

‘खेळतंय तर आहे, मग गोळी कशाला?’

हा प्रश्न येणारच, आणि तो बहुधा तिसऱ्या महिन्यात येतो, कारण तोवर घरातला मोठा रुग्ण बरा दिसू लागलेला असतो. उत्तर सरळ द्या. ‘ताई, तुमच्या बाळाला आज आजार नाही, म्हणूनच एकाच गोळीवर भागतंय. जंतू आत शिरला असेल तर तो अजून थोडा आहे, तेवढ्यातच तो संपवायचा आहे. आजार झाल्यावर जास्त गोळ्या लागतील.’ आईला पटलं तरी निर्णय घरात आणखी कुणाचा असतो हे विसरू नका. सासूबाई किंवा बाळाचे वडील यांच्यासमोर हे एकदा बोलून ठेवा, नाहीतर तुमची पाठ वळल्यावर गोळी थांबते.

शेवटच्या मात्रेनंतर

शेवटची मात्रा गेल्यावर कार्डावर तारीख, एकूण मात्रा आणि शेवटचं वजन लिहून ते कार्ड आईकडे द्या. पुढचं वर्ष-दीड वर्ष वजनाची रेघ पाहत राहा, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप राहिला तर ‘गोळ्या झाल्यात’ म्हणून दुर्लक्ष करू नका.

या गोळीचा फायदा आधी शिरलेल्या जंतूपुरता. घरात पुढे दुसऱ्या कुणाला टीबी निघाला आणि मुलाचा त्याच्याशी पुन्हा रोजचा संबंध आला, तर मूल पुन्हा पहिल्या पायरीवर येतं: चार प्रश्न, वजन, रुग्णाचा कागद, आणि लक्षणं नसतील तर नव्या वजनाप्रमाणे नवा कोर्स.